पोळी बंद केली, तरी गहू येतो कुठून?

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक हा गव्हामुळे आतड्याला इजा करणारा आजार असल्याचं कळलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. रक्तातलं टीटीजी, म्हणजे या आजारात वाढणाऱ्या प्रतिपिंडांचं प्रमाण, नॉर्मलच्या दहापटीहून वर होतं. मग एंडोस्कोपी झाली, लहान आतड्याचा तुकडा तपासला आणि डॉक्टरांनी एका ओळीत पथ्य सांगितलं : गहू, जव आणि राय नावाचं धान्य आयुष्यभर बंद. घरी आल्या दिवशीच तिच्या ताटातून पोळी, पाव, बिस्किटं, रवा, मैदा, शेवया सगळं गेलं. राहिलं ते वरण-भात, ज्वारीची भाकरी, भाजी, ताक. आपलं जेवण तसंही भाता-भाकरीचं, त्यामुळे सोपं जाईल असं वाटलं होतं.

सहा महिन्यांनी टीटीजी खाली आलं, पण वर्ष झालं तेव्हा आकडा नॉर्मलच्या तिप्पटीवर अडून बसला होता. आम्ही शपथेवर सांगत होतो की पोरीने वर्षभरात गव्हाचा कण खाल्लेला नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी शांतपणे दोनच प्रश्न विचारले. फोडणीला हिंग कोणता वापरता? आणि ज्वारी दळून कुठून आणता? आमच्याकडे दोन्हींचं उत्तर होतं आणि दोन्ही उत्तरांत गहू होता.

ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. पोळी बंद करायला कुणी शिकवावं लागत नाही. शिकावं लागतं ते पुढचं. एक गोष्ट मात्र आधीच सांगते : अजून तपासण्या पूर्ण झाल्या नसतील तर गहू बंद करू नका. गहू पोटात जात असतानाच रक्ताची तपासणी आणि बायोप्सी खरं सांगते. "आधी बंद करून बघू, बरं वाटलं तर तोच आजार" असं करणाऱ्यांना नंतर निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो, आणि ते फार जड जातं.

आधी "किती" ते समजून घ्या

ग्लूटेन म्हणजे गहू, जव आणि राय यांतलं प्रथिन. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो तो त्याचाच. सिलिअ‍ॅकमध्ये या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. हे काही "पचायला जड" असण्यासारखं नाही, त्यामुळे "थोडंसं चालतं" हा हिशोब इथे लागू होत नाही.

मग चालतं तरी किती? ज्यांना सिलिअ‍ॅक आहे अशा लोकांना मोजून ग्लूटेन देऊन केलेल्या अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम, असं तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा दिसली. रोज 10 मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना धोका नसतो, असं आता सर्वसाधारणपणे मानतात. भारतात ज्या पदार्थावर "ग्लूटेन फ्री" असं लिहायचं त्यात एका किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, असा एफएसएसएआयचा नियम आहे. दिवसभरात असे पदार्थ अर्धा किलो खाल्ले, तरी 10 मिलिग्रॅमच्या वर जात नाही. वीसचा आकडा त्यामुळेच पुरेसा सुरक्षित धरला जातो.

आता हे 10 मिलिग्रॅम डोळ्यांसमोर आणा. कणकेत साधारण आठ ते दहा टक्के ग्लूटेन असतं. म्हणजे 10 मिलिग्रॅम ग्लूटेन हे 100 मिलिग्रॅम कणकेत आलं. किलोचा दहाहजारावा भाग. पोळी लाटून झाल्यावर पोळपाटावर जी पिठी उरते ना, तिच्यातली एक बारीक चिमूट. एवढी कणीक भाकरीला लागली तर ना दिसत ना चवीला कळत. शिजवून किंवा तळून ती निरुपद्रवीही होत नाही, कारण चुलीच्या आचेने ग्लूटेन नष्ट होत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. हे खाऊन दरवेळी त्रास होतोच असं नाही. माझ्या मुलीचं पोट वर्षभर व्यवस्थित होतं, वजनही वाढलं होतं. "खाल्लं, काही झालं नाही" यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पहिलं काम : हिंगाची डबी उलटी करून वाचा

आपण ज्याला हिंग म्हणतो ती पिवळट पूड म्हणजे निव्वळ हिंग नव्हे. खरा हिंग हा एका झाडाच्या मुळातून निघणारा चीक आहे, बहुतेक अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येणारा. तो इतका उग्र असतो की थेट वापरता येत नाही, म्हणून त्यात खायचा डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात. त्याला बांधानी हिंग म्हणतात. हे पीठ अनेकदा गव्हाचं असतं, आणि कित्येक डब्यांवरच्या यादीत ते हिंगाच्याही आधी लिहिलेलं असतं. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे डबीत हिंगापेक्षा गहू जास्त.

आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर मांडून दाखवलेला हिशोब तसाच देते. एका फोडणीला चिमूटभर हिंग, पाव ग्रॅम धरा. त्यातला निम्मा गहू असेल तर 125 मिलिग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे 12 मिलिग्रॅम ग्लूटेन. पातेल्यातली आमटी चौघांत वाटली गेली, एकाच्या वाट्याला 3 मिलिग्रॅम. एवढ्यावर थांबलं असतं तर वाद नव्हता. पण आमच्याकडे सकाळी आमटीला फोडणी, भाजीला फोडणी, कोशिंबिरीला वरून फोडणी, रात्री पिठलं किंवा कढी, आणि ताकाला जिरं-हिंग. पाच फोडण्यांचे 15 मिलिग्रॅम झाले. लोणच्यातला आणि पापडातला हिंग अजून धरलेलाच नाही. गव्हाचा पदार्थ एकही नाही, तरी मर्यादा ओलांडून झाली, आणि तीही रोज.

यावर उपाय तीन आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे तांदळाच्या पिठात बांधलेला आणि डबीवर "ग्लूटेन फ्री" असं स्पष्ट लिहिलेला हिंग आणणं. तो आता बऱ्याच दुकानांत मिळतो. फक्त "राईस फ्लोअर" लिहिलं म्हणून भागत नाही, कारण तोच कारखाना त्याच यंत्रावर गव्हाचाही हिंग बांधत असू शकतो.

दुसरा उपाय खड्याचा हिंग. यात एक गफलत होते : बांधानी हिंगसुद्धा खड्यांच्या किंवा वडीच्या रूपात विकतात. खडा दिसला म्हणजे शुद्ध, असं नाही, यादी तिथेही वाचायची. शुद्ध खडा मिळाला तर खलबत्त्यात फोडून त्याचे मुगाएवढे तुकडे करा, चमचाभर तुपात मंद आचेवर तळा. लाहीसारखा फुलला की काढून कुटा. हा हिंग पुडीतल्यापेक्षा कितीतरी जहाल असतो. सवयीने चिमूट टाकाल तर आमटी कडवट होईल. सुईच्या टोकावर बसेल एवढा पुरतो.

तिसरा उपाय हिंग सोडण्याचा. माझ्या सासूबाईंना हा अजिबात पटला नाही, "हिंगाशिवाय वरण म्हणजे आजाऱ्याचं जेवण" असं त्यांचं म्हणणं पडलं. आम्ही पहिल्या उपायावर थांबलो.

घरी आयोडीनचे थेंब टाकून हिंग तपासायची एक युक्ती फिरत असते. तिचा इथे उपयोग नाही. आयोडीनने स्टार्च निळा होतो, मग तो गव्हाचा असो की तांदळाचा.

हिंग बदलला की मागे वळून पाहा, कारण जुना हिंग आधीच दहा डब्यांत जाऊन बसलेला असतो. गोडा मसाला, सांबार मसाला, चाट मसाला, जलजिरा, लोणच्याचा मसाला, ताकाचा मसाला, पाचक गोळ्या, हिंगाष्टक चूर्ण. आम्ही मिसळणाचा डबासुद्धा रिकामा करून घासला, कारण हिंगाची वाटी त्यातच होती आणि एकच चमचा सगळ्या वाट्यांत फिरत होता.

दुसरं काम : दळण

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, हरभराडाळ, यांत ग्लूटेन नाही. पण हे सगळं आपल्याकडे पीठ होऊन ताटात येतं, आणि पीठ होतं गिरणीत.

गिरणीची गोष्ट आपल्या बायकांना नवी नाही. "आधी काय दळलं? गव्हावर बेसन टाकू नका, तांदळावर टाका" हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलोय, कारण गिरणीच्या जात्यात आणि पिठाच्या पिशवीत आधीचं पीठ उरतं हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याला ते चवीसाठी नको असतं, इथे ते औषधाइतकं काटेकोरपणे नको आहे. दोन किलो ज्वारीत आधीच्या दळणाची पोहे खायच्या चमच्याने एक चमचा कणीक आली, साधारण आठ ग्रॅम, तर त्यात सुमारे 800 मिलिग्रॅम ग्लूटेन. एका किलोला 400. मर्यादेच्या वीसपट. आणि एक चमचा हा अंदाज मी कमीच धरलाय.

आमच्या गिरणीवाल्या काकांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "ताई, उपासाचं दळण असतं तसं करून देतो, सकाळी पहिलं." उपासाच्या दळणाला ते गिरणी झटकून, पुसून घेतात. खरोखर चांगला माणूस. पण झटकलेल्या गिरणीच्या दगडाच्या टाक्यांत पीठ राहतंच, आणि गिरणीच्या हवेत तरंगणारी कणीक उघड्या डब्यात बसते. सार्वजनिक गिरणी सिलिअ‍ॅकसाठी सुरक्षित करता येत नाही, हे मान्य करून मोकळं व्हावं.

मग उरतात दोन वाटा. "ग्लूटेन फ्री" लिहिलेली बंद पिठं, किंवा घरघंटी. आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा एक दाणाही टाकायचा नाही हे ठरवलं. घरातल्या बाकीच्यांची कणीक बाहेरूनच येते. घरघंटी जुनी, कुणाची वापरलेली घेऊ नका, तिच्यात कुणाचा तरी गहू आहेच. पीठ थोडंच लागत असेल तर मिक्सरचं वेगळं भांडं ठेवून तांदूळ आणि डाळी दळता येतात. ज्वारीचं पीठ मात्र भाकरीला हवं तसं मऊ निघत नाही.

घरघंटी आली म्हणजे काम संपलं, असं आम्हाला वाटलं होतं. पण धान्यातच गहू असतो. किराणा दुकानात पोती शेजारी शेजारी असतात, एकच माप सगळ्यांत फिरतं, आणि शेतातून, खळ्यावरून, पोत्यातूनही दाणे येतात. गव्हाच्या एका दाण्याचं वजन साधारण 40 मिलिग्रॅम, त्यात 4 मिलिग्रॅम ग्लूटेन धरा. किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे म्हणजे 20 मिलिग्रॅम, मर्यादेला टेकलो. सहावा दाणा सापडला की ओलांडली.

म्हणून निवडणं. ज्वारी पांढुरकी आणि गोल, गहू लांबट आणि मधे चीर असलेला, त्यामुळे मोठ्या ताटात पातळ पसरली की गहू लगेच डोळ्यात भरतो. एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त घेऊ नका, थर जाड झाला की खालचा दाणा सुटतो. तांदळातही गहू ओळखू येतो. नाचणी आणि राजगिरा इतके बारीक की चाळणीनेच काम होतं, गव्हाचा दाणा वर राहतो. निवडून झालं की धान्य दोनतीन पाण्यांतून धुवा, म्हणजे वर बसलेली धूळपिठीही जाते, आणि उन्हात वाळवा. ज्या चादरीवर दरवर्षी गहू वाळवलेत ती चादर घेऊ नका, ही चूक मी केलेली आहे. पहिल्या खेपेला दोन किलो ज्वारीत मला अकरा दाणे सापडले. तेव्हापासून सुट्टं धान्य बंद, फक्त बंद पिशवीतलं. त्यातही एखाददुसरा सापडतो.

बेसनाबद्दल वेगळं सांगते. सुट्टं बेसन घेऊच नका. हरभराडाळ निवडून, धुऊन, वाळवून घरी दळली की पिठलं निर्धास्त खाता येतं.

भाजणी, मेतकूट आणि त्यांचं गोत्र

आपले काही पदार्थ गव्हाचे आहेत हे आपल्याला आठवतच नाही. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. मेतकुटात असतो, वर हिंगही. सातूच्या पिठात गहू आणि जव दोन्ही. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्या. गव्हाची खीर, लापशी, दलिया ही नावंच सांगतात. खपली गहू "जुना, देशी, पचायला हलका" म्हणून लोक सिलिअ‍ॅकवाल्यांनाही सुचवतात. खपली हा गहूच आहे, ग्लूटेनसकट. आमच्या एका नातेवाइकांनी दहा किलो खपली घरी आणून दिली होती, प्रेमाने. ती शेजारी गेली.

भाजणी घरी सहज बदलता येते. मी दोन वाट्या ज्वारी, एक वाटी बाजरी, एक वाटी तांदूळ, एक वाटी हरभराडाळ, अर्धी वाटी उडीदडाळ, पाव वाटी धणे आणि दोन चमचे जिरं घेते. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, गार झाल्यावर घरघंटीत. थालीपीठ धरून ठेवायचं काम उडीद आणि कांदा करतो, गहू नसल्याचं जाणवत नाही. थापताना मात्र गव्हाच्या भाजणीपेक्षा थोडं जाड थापा, नाहीतर कडा फाटतात.

उपासाचे पदार्थ हे सिलिअ‍ॅकवाल्यांचं माहेर. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं, कशातच ग्लूटेन नाही, आणि फोडणीत हिंगही नसतो. माझी मुलगी आमच्या घरात सगळ्यात जास्त एकादश्या करते. फक्त दुकानातलं सुट्टं शिंगाड्याचं पीठ आणि फरसाणवाल्याकडचे साबुदाणावडे टाळा, कढई सामोशाची असते.

तिसरं काम : पाकीट वाचण्याचा क्रम

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर विश्वास ठेवू नका. "नाचणी बिस्किटं" असं मोठ्या अक्षरात असतं आणि मागे पहिला घटक मैदा, नाचणी जेमतेम दहा-वीस टक्के. "मल्टीग्रेन" म्हणजे गव्हासकट अनेक. "व्हीट फ्री" म्हणजे ग्लूटेन फ्री नव्हे, त्यात जव असू शकतं.

मी पाकीट मागून वाचते, आणि यादीच्या शेवटापासून सुरू करते. घटकांच्या यादीखाली बहुधा ठळक अक्षरात "कंटेन्स" अशी ओळ असते. ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांची ती जाहीर कबुली. एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबलच्या नियमांनुसार गहू, जव, राय, ओट्स ही धान्यं तिथे सांगावीच लागतात. तिथे "व्हीट", "बार्ली" किंवा "ग्लूटेन" दिसलं की पाकीट परत फळीवर, पुढे वाचायची गरजच नाही.

ती ओळ स्वच्छ असेल किंवा नसेलच, तर पूर्ण यादी. व्हीट फ्लोअर, रिफाइन्ड व्हीट फ्लोअर म्हणजे मैदा, सेमोलिना आणि सूजी म्हणजे रवा, ड्युरम, स्पेल्ट, ट्रिटिकेल, बार्ली, राय, व्हीट ग्लूटेन. यांत सगळ्यात जास्त फसवतं ते माल्ट. माल्ट म्हणजे जवळजवळ नेहमी मोड आणून भाजलेला जव. माल्ट एक्स्ट्रॅक्ट चव आणि रंगासाठी घालतात, म्हणून ते मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीत असतं, चॉकलेटांत असतं, आणि मक्याच्या कॉर्नफ्लेक्समध्येही असतं. मका बघून आम्ही चार महिने तो डबा निर्धास्त वापरला होता. "रागी माल्ट"ची गोष्ट निराळी, ते नाचणीला मोड आणून केलेलं सत्त्व. घरी केलं तर उत्तम, विकतच्यात गहू किंवा जवाचं माल्ट मिसळलेलं नाही ना ते बघायचं.

सॉय सॉसमध्ये गहू असतो, हे बहुतेकांना पटत नाही, पण पारंपरिक सॉय सॉस सोयाबीन आणि गहू आंबवूनच करतात. पाकिटातल्या सूपला दाटपणा मैद्यानेही आणतात. मसाला लावलेल्या वेफर्समध्ये बटाटा निर्दोष असतो, मसाल्यात पीठ असू शकतं. साधे खारे वेफर्स बहुधा ठीक. फ्रोझन फ्रेंच फ्राइजना कुरकुरीतपणासाठी पिठाचा हात लावलेला असू शकतो. "यीस्ट एक्स्ट्रॅक्ट" आणि "हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन" दिसलं आणि मूळ सांगितलेलं नसलं तर मी सोडून देते.

उलट विनाकारण घाबरवणारी नावंही आहेत. माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये "माल्ट" दिसतं, पण त्याचा जवाशी संबंध नाही. ते चालतं. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, कॅरॅमल रंग हेही चालतात. ही नावं लक्षात ठेवल्यामुळे आमच्या मुलीच्या खाऊत बरीच भर पडली.

शेवटची ओळ "मे कंटेन". म्हणजे घटक म्हणून घातलेला नाही, पण त्याच कारखान्यात, त्याच यंत्रावर गहू असतो. मी असं पाकीट घेत नाही. पण ही ओळ नसणं म्हणजे हमी असं मात्र मानू नका. पीठ, मसाला, हिंग, ओट्स अशा जोखमीच्या गोष्टींत मी "ग्लूटेन फ्री"च शोधते. सुकामेवा, साखर, मीठ, तेल, दूध, दही यांच्या मागे एवढं लागायची गरज नाही.

ओट्समध्ये स्वतःचं गव्हासारखं ग्लूटेन नसतं, पण साधे ओट्स गव्हाने माखलेलेच असतात. आणि ग्लूटेन फ्री ओट्सही काही थोड्यांना सोसत नाहीत. पहिल्या वर्षी त्यांचा नाद करू नका, नंतर डॉक्टरांना विचारून.

हे वाचन दर खरेदीला करायचं. त्याच नावाच्या, त्याच रंगाच्या पाकिटातली कृती न सांगता बदलते. दोन वर्षं आणत असलेल्या एका चिवडा मसाल्यात अचानक गव्हाचं पीठ आलेलं मला घरी आल्यावर, तेही योगायोगाने दिसलं. एकाच कंपनीच्या चार चवींपैकी तीन चालतात आणि चौथी नाही, असंही होतं.

एका ओट्यावर दोन स्वयंपाक

घरातल्या सगळ्यांनी गहू सोडावा असं काही नाही. आमच्याकडे अजून रोज पोळ्या होतात. क्रम मात्र बदलला : आधी मुलीचं सगळं करून झाकून ठेवायचं, मग कणकेचा डबा उघडायचा. कणीक चाळताना ती कशी उडते ते सकाळच्या उन्हाच्या कवडशात एकदा बघा, मग झाकणाचं महत्त्व कुणी सांगावं लागणार नाही.

वेगळ्या काय काय गोष्टी लागतात? ज्या घासून स्वच्छ होत नाहीत, त्या. चाळणी पहिली, तिच्या जाळीतलं पीठ कधीच पूर्ण निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी उलथनं, कारण चिरांत कणीक बसते. भाकरीचा तवा आणि चिमटा. भाकरी परातीत थापतो, म्हणून तिची परात वेगळी, आमची तांबडी खूण केलेली आहे. स्टीलची पातेली, कुकर, ताटं नीट घासली की सामाईक चालतात. वरण आणि चकोल्या एकाच कुकरात वेगवेगळ्या झाकल्या भांड्यांत शिजवायला हरकत नाही, मात्र डाव वेगळे.

आम्हाला सगळ्यात उशिरा कळलेली जागा म्हणजे तुपाची बरणी. पोळीवर तूप लावलेला चमचा पुन्हा बरणीत, आणि तेच तूप हिच्या भातावर. मिठाचंही तसंच, कणकेचा हात मिठात जातो. दोन्हीच्या लहान बरण्या तिच्यासाठी वेगळ्या केल्या. तळणीचं तेलही : ज्या तेलात पुऱ्या किंवा शंकरपाळे तळले त्यात तिचे पापड नाहीत. आणि पापड विकतचा असेल तर हिंग कोणता आणि लाटताना कसली पिठी लावली, दोन्ही विचारायचं.

लग्नाकार्यात, नातेवाइकांकडे "तिला गहू चालत नाही" एवढं सांगून उपयोग नसतो. मामी बिचारी पोळी वाढत नाही आणि हिंगाची आमटी वाढते. मी आता फोनवर तीनच गोष्टी विचारते : भाताला किंवा वरणाला फोडणी आहे का, भजी कशात तळणार, आणि कढी किंवा भाजी दाट करायला काय लावणार. उत्तर धड मिळालं नाही तर साधा भात, तूप, दही तिथलं आणि बाकी डबा घरचा. उकडीचे मोदक तांदळाचे, ते खाता येतात, पिठी कुठली ते विचारून. प्रसादाचा शिरा हातावर घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि बाबांना द्यायचा, हे तिचं तिनेच ठरवलंय.

पुन्हा टीटीजी

हिंग आणि दळण बदलल्यावर सात महिन्यांनी आम्ही टीटीजी केलं, ते पहिल्यांदा नॉर्मलच्या जवळ आलं. त्यानंतरच्या तपासणीत नॉर्मलमध्ये. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, प्रत्येक लॅबचं एकक आणि मर्यादा वेगळी असते, दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

तुमचा आकडा वर्षभरानंतरही अडलेला असेल तर डॉक्टरांकडे जाताना सात दिवसांची वही घेऊन जा. त्यात "आमटी" असं लिहू नका. "आमटी, तूरडाळ, हिंग अमुक डबीचा, गोडा मसाला विकतचा, गूळ, चिंच" असं लिहा. भाकरीपुढे पीठ कुठे दळलं ते, औषधापुढे गोळीचं नाव. शाळेच्या डब्यात मैत्रिणीने काय दिलं तेही, न रागावता विचारून. आमच्या पहिल्या वहीत पंचवीस ठिकाणी हिंग होता.

आणि आकडा नॉर्मल आला तरी तो लहानसहान चुका पकडतोच असं नाही, हे आमच्या डॉक्टरांनी बजावलंय. त्यामुळे घरघंटीशेजारचं निवडायचं ताट अजून रविवारी सकाळी निघतं. परवाच्या दोन किलोंत तीन दाणे होते.